ऐंशी मुलांचे गुण एका वक्रात

दहावीच्या वर्गात ऐंशी मुलं आहेत आणि गणिताचा पेपर शंभर गुणांचा होता, असं समजा. सरासरी काढली तर एक आकडा हाती येतो, पण मधल्या मुलाला किती गुण पडले किंवा तळाची पाव मुलं कुठवर पोचली हे त्यातून कळत नाही. संचित वारंवारता वक्र काढला की ते थेट कागदावरून वाचता येतं. साहित्य म्हणून ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल आणि पट्टी पुरते.

आधी तक्ता करावा. दहा-दहा गुणांचे वर्ग पाडून प्रत्येकात किती मुलं येतात ते मोजायचं. बरोबर १० गुण मिळालेला मुलगा १०–२० मध्ये धरायचा. शेवटच्या रकान्यात मागची बेरीज पुढे नेत जायचं.

| गुण | मुलं | संचित |
|---|---|---|
| ०–१० | २ | २ |
| १०–२० | ४ | ६ |
| २०–३० | ८ | १४ |
| ३०–४० | १४ | २८ |
| ४०–५० | २० | ४८ |
| ५०–६० | १६ | ६४ |
| ६०–७० | ९ | ७३ |
| ७०–८० | ४ | ७७ |
| ८०–९० | २ | ७९ |
| ९०–१०० | १ | ८० |

शेवटच्या रकान्यातल्या २८ चा अर्थ असा, की ४० पेक्षा कमी गुण मिळालेली मुलं २८ आहेत.

आता आडव्या अक्षावर गुण आणि उभ्या अक्षावर मुलं घ्या. दोन्हीकडे १ सेंमी म्हणजे १० असं प्रमाण ठेवलं, तर कागदावरचा एक बारीक चौकोन आडवा मोजला की एक गुण आणि उभा मोजला की एक मुलगा. पहिला बिंदू (०, ०), मग (१०, २), (२०, ६), (३०, १४) असं करत (१००, ८०) पर्यंत जायचं. हे बिंदू हलक्या हाताने जोडले की आधी सावकाश, मधे झपाट्याने आणि शेवटी पुन्हा सावकाश चढणारी रेघ तयार होते. ४० ते ५० मध्ये ती सर्वांत उभी दिसते, कारण सर्वाधिक मुलं तिथेच आहेत.

सगळ्यात जास्त चुका बिंदू मांडताना होतात. वारंवारता बहुभुज काढायची सवय असली की हात आपोआप वर्गाच्या मध्यावर जातो आणि २८ चा बिंदू ३५ वर पडतो. पण २८ मुलं मोजून झाली ती ४० पाशी, म्हणून बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेवरच हवा. मध्यावर मांडलं तर अख्खा वक्र पाच गुण डावीकडे सरकतो आणि मध्यकही पाच गुणांनी कमी येतो. ही चूक ओळखायची खूणही कागदावरच आहे. असा वक्र १०० ऐवजी ९५ पाशीच ८० ला टेकतो. रेघ कुठे खाली उतरली, तर बेरीज पुढे न्यायची राहून गेली आहे असं समजावं.

मध्यकासाठी ऐंशीचे निम्मे, म्हणजे ४० घ्या. उभ्या अक्षावरच्या ४० पासून आडवी रेघ वक्रापर्यंत न्या आणि तिथून सरळ खाली उतरा. रेघ ४६ वर येते. म्हणजे निम्म्या मुलांना ४६ पेक्षा कमी गुण आहेत. तसंच २० पासून निघालं की पहिलं चतुर्थक सुमारे ३४ येतं आणि ६० पासून निघालं की तिसरं चतुर्थक साडेसत्तावन्नच्या आसपास येतं. मधली निम्मी मुलं या साधारण २३ गुणांच्या पट्ट्यात आहेत. हातानं काढलेल्या वक्रावर अर्ध्या-एक गुणाचा फरक पडणारच, तेव्हा दशांशाच्या मागे लागू नये.

मध्यकाचा पडताळा हवा असेल तर त्याच कागदावर उलटी मोजणी मांडा. ० किंवा जास्त गुणांची ८०, १० किंवा जास्त गुणांची ७८, अशी. हा वक्र उतरत जातो आणि पहिल्याला जिथे छेदतो तिथून खाली आलं की पुन्हा ४६ च मिळायला हवेत.

या वक्राची एक मर्यादा मात्र शाळेच्या गुणांत हमखास आडवी येते. वर्गातली मुलं त्या दहा गुणांत सारखी पसरली आहेत असं वक्र धरून चालतो. त्यामुळे ३५ पासून वर जाऊन वाचलं तर सुमारे २१ मुलं नापास दिसतात. प्रत्यक्षात ३३-३४ वर अडकलेल्यांना पुष्कळदा ३५ पर्यंत ओढलेलं असतं. समजा ३०–४० मधल्या १४ मुलांपैकी तिघंच ३५ च्या खाली आहेत आणि सहा जण बरोबर ३५ वर. मग नापास १७ च ठरतात आणि विसावा मुलगा ३५ वर येतो. वक्रानं ३४ दाखवलेलं पहिलं चतुर्थक उत्तीर्णतेच्या रेषेपलीकडे जातं. मध्यक ४०–५० या वर्गात असल्याने त्याला धक्का लागत नाही. म्हणून चतुर्थक ३५ च्या आसपास आलं, तर तेवढ्या एका वर्गापुरती मूळ गुणयादी काढून विसावा मुलगा मोजून पाहावा.