मुलाखतीच्या फेऱ्या किती?

गूगलमध्ये एकेकाळी एका उमेदवाराच्या वीस-पंचवीस मुलाखतीही होत. पुढे कंपनीने स्वतःच्याच नोंदी तपासल्या, तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि पाचवीपासून जेमतेम एकेक टक्का भर पडते, असे दिसले.

छोट्या कारखान्याला अकाउंटंट हवा असेल, तर चारही नकोत. आधी फोनवर पंधरा मिनिटांत पगार आणि नोटीस पीरियड बोलून घ्यावा. मग तासाभराची एकच बैठक: अर्धा तास टॅलीवर बँक रिकन्सिलिएशन करायला द्यावे, उरलेल्या वेळात मालकाने त्यावरच प्रश्न विचारावेत. उमेदवार रजा टाकून येतो. पुन्हा बोलवायचे तर नवे काय विचारणार, हे आधी लिहून काढावे. कागद कोराच राहिला, तर ती फेरी रद्द करावी.