मे महिन्यात कपात होती, जुलैत नव्हती

सातारा जिल्ह्यातले एक प्राथमिक शिक्षक २०२३ च्या नोव्हेंबरात गेले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि मग कागदांची वेळ आली. गुरुजींच्या पत्नीला एवढंच ठाऊक होतं की ‘ते विम्याचे हप्ते भरायचे’. किती पॉलिसी, कोणत्या, कुठल्या शाखेत, यातलं काही सांगता येत नव्हतं. ज्या एजंटने त्या काढल्या होत्या तो केव्हाच वारला होता.

त्यांच्या मदतीला आले ते गावातलेच दुसरे एक निवृत्त एजंट. वय पंचाहत्तरच्या पुढे. चाळीस वर्षं आयुर्विमा महामंडळाचं काम केलेलं, आता एजन्सी बंद. गाव त्यांना भाऊ म्हणतं. दुसऱ्याने काढलेल्या पॉलिसीचा दावा मिळवून दिला तर एजंटाला दमडीचंही कमिशन नसतं. असली बेवारशी कामं कोणी अंगावर घेत नाही, यामागे हेही एक कारण आहे. भाऊंनी मात्र आल्या आल्या चहा बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, “वहिनी, गुरुजींनी पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात का?”

गुरुजींनी त्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. शिक्षकांचं हे एक बरं असतं.

पुण्याहून आलेल्या पुतण्याला चिठ्ठ्यांचं प्रयोजन कळेना. त्याने आदल्या रात्रीच महामंडळाच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमा शोधायच्या पानावर काकांचं नाव आणि जन्मतारीख टाकून पाहिली होती. नोंद सापडली नव्हती. म्हणजे पॉलिसीच नाही, असा त्याचा निष्कर्ष. भाऊंनी मान हलवली आणि चिठ्ठ्या वर्षवार लावायला घेतल्या. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या नोकरदारांचे हप्ते अनेकदा पगार बचत योजनेतून जातात. हप्ता पगारातूनच कापला जातो आणि कार्यालय सगळ्यांचे पैसे मिळून महामंडळाला पाठवतं. त्यामुळे घरात हप्त्याची वेगळी पावती सापडत नाही. सापडते ती पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ.

ती ओळ १९९० च्या जूनपासून सुरू होत होती आणि दर महिन्याला तेवढीच रक्कम दाखवत होती. २००५ च्या मे महिन्याच्या चिठ्ठीत ती होती. जूनची चिठ्ठी नव्हतीच, आणि जुलैच्या चिठ्ठीत विम्याच्या रकान्यात भोपळा. वहिनींना विचारल्यावर उलगडा झाला. त्या जूनमध्ये गुरुजींची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली होती. पगार काढणारं कार्यालय बदललं की हप्त्याची कपात नव्या कार्यालयात पुन्हा सुरू करून घ्यावी लागते. पॉलिसीचे तपशील तिकडे कळवावे लागतात. हे राहून गेलं तर कर्मचाऱ्याला वाटतं कापतायत आणि महामंडळाच्या नोंदीत मात्र हप्ता थकत जातो. पगार बचत योजनेतल्या पॉलिसी बंद पडायचं हे अगदी नेहमीचं कारण. पगाराची चिठ्ठी बारकाईने न वाचणाऱ्याला ते वर्षानुवर्षं कळत नाही.

मग संकेतस्थळावर नोंद का नव्हती? भाऊंनी पुतण्याला विचारलं की जन्मतारीख कुठली टाकलीस. त्याने कोजागिरीच्या आसपासची एक तारीख सांगितली, घरात काकांचा वाढदिवस तेव्हाच करायचे म्हणून. भाऊ हसले. “मास्तरांचा वाढदिवस विचारायचा नसतो रे. ते रिटायर कधी झाले ते विचारायचं.”

गुरुजी निवृत्त झाले ३१ मे २०१८ रोजी. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. अठ्ठावन्न वर्षं मागे मोजली की कागदावरची जन्मतारीख निघते १ जून १९६०. त्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी सरसकट १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये उघडायची, हिशेब सोपा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत साठी ओलांडलेले कितीतरी लोक त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेले आहेत. विम्याच्या प्रस्तावात वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाच जोडला जाई, तेव्हा महामंडळाच्या नोंदीतही तीच तारीख. पुतण्याने ती टाकली, नाव मात्र पाळण्यातलं न टाकता पगाराच्या चिठ्ठीवर होतं तसं टाकलं, आणि पॉलिसी क्रमांक समोर आला.

शाखेत जाऊन घेतलेल्या स्टेटस रिपोर्टवर लिहिलं होतं: १४-२५, विमा रक्कम ५०,०००. यातला १४ हा त्या जुन्या नफ्यासह एन्डोमेंट योजनेचा तक्ता क्रमांक आणि २५ ही वर्षांची मुदत. एकूण हप्ते तीनशे व्हायचे होते, भरले गेले १८०. हप्ते थकले म्हणजे सगळं बुडालं, असं लोक धरून चालतात. त्या काळच्या अशा पॉलिसीत निदान तीन वर्षांचे हप्ते भरलेले असले तर ती मरत नाही, आक्रसते. जेवढे हप्ते भरले त्या प्रमाणात विमा रक्कम उरते. इथे तीनशेपैकी १८०, म्हणजे पाचात तीन हिस्से, म्हणजे ५०,००० चे ३०,०००. पहिल्या पंधरा वर्षांत जाहीर होऊन पॉलिसीला जोडले गेलेले बोनसही त्यात मिळवायचे. हप्ते थांबल्यानंतरचे बोनस मात्र मिळत नाहीत. ही रक्कम जून २०१५ मध्ये, मुदत संपल्यावर, गुरुजींच्याच हातात पडायला हवी होती. पण पॉलिसीवरचा पत्ता १९९० सालच्या गावातल्या शाळेचा होता. पत्र आलंही असेल तर ते तिथेच कुठेतरी राहिलं.

काळाचं एक बंधन इथे होतं. दहा वर्षांहून जास्त काळ कोणी न मागितलेली विम्याची रक्कम कंपन्यांना केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत भरावी लागते. तिथे गेल्यावरही पंचवीस वर्षांपर्यंत ती विमा कंपनीमार्फत परत मागता येते, त्यानंतर ती सरकारजमा होते. गुरुजींच्या पैशाला ही दहा वर्षं भरायला अजून थोडा अवकाश होता.

घोडं अडलं नॉमिनीपाशी. १९९० साली गुरुजी अविवाहित होते, नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं. लग्न १९९२ चं. नाव बदलायचं राहिलं आणि आई गुरुजींच्या आधीच गेल्या. नॉमिनी हयात नाही म्हटल्यावर पैसे वारसांचे: पत्नी, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हक्क. रक्कम मोठी असती तर न्यायालयातून वारसाचा कागद आणावा लागला असता. रक्कम छोटी असल्यामुळे शाखेने हमीपत्र आणि बाकी वारसांची संमती यावर दावा पुढे न्यायची तयारी दाखवली. मूळ बाँड सापडत नव्हता, त्यासाठी नुकसानभरपाईचं वेगळं बंधपत्र.

एवढं होईस्तोवर पुतण्याचा त्या संकेतस्थळावर भलताच विश्वास बसला होता. “आता तिथे आणखी काही दिसत नाही, म्हणजे संपलं ना?” भाऊंचं उत्तर असं की त्या यादीत फक्त ती रक्कम दिसते जी देणं लागते हे कंपनीला माहीत आहे. माणूस गेल्याचं कंपनीला कोणी कळवलंच नाही तर तिच्या दप्तरी तो जिवंत असतो, आणि जिवंत माणसाच्या नावे मृत्यूदावा कुठून दिसणार? म्हणून भाऊंनी बँकेची जुनी पासबुकं आणि गुरुजींचे फॉर्म १६ मागितले. प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून माणूस विम्याचा हप्ता न चुकता दाखवतो. बाकी सगळं विसरणाराही ते विसरत नाही.

पासबुकात २००३ पासून दरवर्षी एकदा महामंडळाच्या नावे पैसे गेलेले दिसत होते. २०१८ मध्ये उलट मोठी रक्कम जमा. ती वहिनींना आठवत होती, त्यातूनच घरावर स्लॅब पडला होता. त्या पॉलिसीचा बाँडही ट्रंकेत होता आणि त्यावर गुरुजींनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘पैसे मिळाले’. वहिनी तो रद्दीच्या गठ्ठ्यात टाकणार होत्या.

भाऊंनी चष्मा वर करून तक्ता क्रमांक वाचला. १४९. जीवन आनंद.

या योजनेची खुबी अशी की मुदत संपल्यावर विमा रक्कम बोनससह मिळते, हप्ते थांबतात, पण विमा थांबत नाही. विमेदार पुढे जेव्हा केव्हा जाईल तेव्हा मूळ विमा रक्कम वारसांना पुन्हा एकदा मिळते. गुरुजींची ती रक्कम एक लाख होती. पॉलिसी विकताना एजंट हे हमखास सांगतात, पंधरा-वीस वर्षांनी ते घरात कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ‘पैसे मिळाले’ म्हणून बाँड बाजूला पडतो. जुन्या एजंटांना विचारलं तर ते सांगतील की मुदत संपलेल्या बाँडाच्या गठ्ठ्यात ते सगळ्यात आधी १४९ शोधतात.

इथे नॉमिनी वहिनीच होत्या. दाव्याचा फॉर्म, मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, त्यांची ओळखपत्रं आणि खात्याचा रद्द केलेला चेक, एवढ्यावर काम झालं. पैसे खात्यात जमा झाले. मृत्यूदाव्याच्या या रकमेवर प्राप्तिकर नाही, हेही भाऊंनी बजावून सांगितलं, कारण वहिनींच्या भावाने त्यातले काही बाजूला ठेवायचा सल्ला दिला होता.

ट्रंकेत आणखी एक पावती होती, दुसऱ्या एका कंपनीची. दोनच वार्षिक हप्ते भरून सोडून दिलेली पॉलिसी. पुतण्याला एव्हाना चटक लागली होती. त्याने फोन केले, मेल पाठवले, पण निघालं काहीच नाही. किमान हप्ते भरायच्या आधीच बंद पडलेल्या त्या पॉलिसीत मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊंनी ती पावती पाहताक्षणीच हे सांगितलं होतं.

१९९० ची पॉलिसी अजून शाखेच्या टेबलावर आहे. मुलाची संमती नोटरी करून आली. मुलीचा कागद नाशिकहून आला, पण त्यावर तिने लग्नानंतरच्या नावाने सही केली आहे आणि गुरुजींच्या सेवापुस्तकात तिचं माहेरचं नाव आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तिच्याकडून मागवलंय.