बेडक्यातली तांबडी रेघ

खोकून टाकलेल्या बेडक्यात रक्ताची रेघ दिसली की घरात दोन शब्द लगेच उच्चारले जातात, टीबी आणि कॅन्सर. पण आधी पाहायचं असतं, हे रक्त खरंच छातीतून आलंय का. घोळणा फुटून घशात उतरलेलं किंवा हिरडीतून आलेलं रक्तही थुंकीत दिसतं. पोटातून उलटीवाटे येणारं रक्त बहुधा काळपट असतं, त्यात अन्नकण असतात आणि आधी मळमळतं. छातीतलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लालभडक असतं आणि कफात मिसळलेलं किंवा फेसाळ असतं.

तसं असेल, तरी कारण साधं असू शकतं. ब्रॉंकायटिसमध्ये श्वासनलिकांचं अस्तर सुजतं आणि जोराच्या ढाशीने त्यातली एखादी बारीक केशवाहिनी फुटते. रेघ एक-दोन दिवस दिसते, खोकला उतरला की जाते. एरवी निरोगी असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या तरुणाने एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. रात्रीच धावपळ करायचं कारण नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरलं, तर बेडक्याची टीबीसाठी तपासणी व्हायलाच हवी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. तोवर दुकानातून मनाने प्रतिजैविकं घेऊ नयेत. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने टीबीचे जंतू काही काळ दबतात, रुग्णाला बरं वाटतं आणि निदान लांबतं.

चाळिशी ओलांडलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा. त्याचा एक्स-रे स्वच्छ आला तरी सीटी स्कॅनचा विचार करावा लागतो, कारण मोठ्या श्वासनलिकेतली लहान गाठ एक्स-रेत लपू शकते. रक्त आपोआप थांबलं, हा तर कसलाच पुरावा नाही. कॅन्सरचं रक्तही थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा दिसतं.

आपल्याकडे खूप दिसणारी, तरी फारशी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे टीबी बरा झाल्यावर येणारं रक्त. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ घेऊ. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी टीबीचा कोर्स पूर्ण केला. आता थंडीत खोकला वाढला की रेघा दिसतात. घरचे म्हणतात, टीबी उलटला. पण बेडक्यात जिवंत जंतू सापडल्याशिवाय पुन्हा सहा महिन्यांची औषधं सुरू करणं चूक ठरू शकतं. एरवी भरवशाची असलेली सीबीनॅट तपासणीही अशा जुन्या रुग्णात कधी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे पॉझिटिव्ह येते, म्हणून कल्चरचा निकाल मोलाचा. या गृहस्थांचं कल्चर निगेटिव्ह येतं आणि सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुनी पोकळी दिसते. तिच्यात बुरशीचा गोळा वाढलेला असतो. जंतू गेले, पण त्यांनी केलेली नासधूस उरली.

अशा व्रणाभोवती ब्रॉंकियल धमन्या जाड, वेड्यावाकड्या होतात. त्यांना रक्त महाधमनीकडून मिळतं, त्यामुळे त्यात दाब जास्त असतो. म्हणूनच या रुग्णांत आजची रेघ ही उद्याच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते, आणि त्यांनी ब्रॉंकायटिसच्या रुग्णासारखी वाट पाहू नये. रक्त जास्त येऊ लागलं तर जांघेतून बारीक नळी घालून ती धमनी आतून बुजवता येते. रक्त बहुतेकदा थांबतं, पण पोकळी तशीच राहिल्याने काहींना पुन्हा येतं. फुप्फुसाची ताकद पुरेशी असेल, तर मग तो भाग शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार होतो.

मोठ्या रक्तस्रावात माणूस बहुधा रक्त कमी पडून नव्हे, तर गुदमरून दगावतो. मुख्य श्वासमार्गांत मावणारी जागा सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढीच. तेव्हा दिवसभरात अर्धा कप रक्त पडलं, गुठळ्या येऊ लागल्या, दम लागला किंवा चक्कर आली, तर लगेच १०८ला फोन करावा. छातीत अचानक कळ येऊन रक्त पडलं आणि एक पाय सुजलेला असेल, तर फुप्फुसात गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हाही उशीर नको. कोणत्या बाजूचं फुप्फुस आजारी आहे हे ठाऊक असेल, तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवावं, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. खायला-प्यायला काही देऊ नये. पडलेलं रक्त भांड्यात ठेवून सोबत न्यावं किंवा त्याचा फोटो काढावा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.