हॉटस्पॉट जोडलेला, इंटरनेट मात्र नाही

लॅपटॉपवरची ‘Connected’ ही खूण फक्त लॅपटॉप आणि हॉटस्पॉट यांच्यातला दुवा शाबूत असल्याचे सांगते. हॉटस्पॉटपासून मोबाइल टॉवरमार्गे इंटरनेटपर्यंतचा दुवा निराळा, आणि बहुतेक वेळा अडते ते तिथेच. यूएसबी डोंगलचेही तसेच.

नेमके कुठे अडले, हे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कळते. `ipconfig` दिल्यावर ‘Default Gateway’समोर दिसणारा पत्ता हॉटस्पॉटचा असतो. समजा, तो 192.168.1.1 आहे:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिल्यालाच उत्तर नसेल, किंवा लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर बिघाड लॅपटॉप आणि हॉटस्पॉट यांच्यातच आहे. पहिली दोन्ही उत्तरे आली आणि तिसऱ्याला नावच सापडले नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे पहिले उत्तर येते, पुढची दोन्ही येत नाहीत आणि सिग्नलच्या पट्ट्या मात्र भरलेल्या असतात. पट्ट्या टॉवरची लहर किती जोरदार आहे एवढेच दाखवतात. डेटा मिळेलच याची हमी त्यांत नसते. डेटा पॅक संपलेला नसेल, तर एपीएन तपासावा. दुसऱ्या कंपनीचे सिम घातल्यावर उपकरणात जुन्या कंपनीचा एपीएन तसाच राहू शकतो; मग सिम नेटवर्कवर नोंदले जाते, पण डेटाचे सत्र उघडत नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून नव्या कंपनीने दिलेला एपीएन अक्षर न चुकवता भरावा आणि उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे. उपकरण एकाच कंपनीच्या सिमपुरते कुलूपबंद असेल, तर एपीएन बदलूनही उपयोग नाही.