फलकाच्या फोटोवरून जोडप्रवास

एसटीच्या फलकावर बहुधा फक्त सुटण्याची वेळ असते, पोहोचण्याची नाही. म्हणून हिशेब उलटा करावा. समजा, त्र्यंबकेश्वरहून येऊन नाशिकरोडला १८.३०ची रेल्वेगाडी धरायची आहे. फलाटावर १८.००ला हवे. सीबीएस ते नाशिकरोड सुमारे ९ किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास धरा. बस बदलायला पंधरा मिनिटे, त्र्यंबक ते सीबीएस तासभर. म्हणजे त्र्यंबक १६.००च्या आत सोडायला हवे. त्र्यंबकच्या फलकाच्या फोटोत १५.३० आणि १६.१५ दिसत असतील, तर १५.३०चीच घ्या, अर्धा तास जास्तीचा मिळतो. फोटो काढताना ‘मार्गे’चा रकाना आणि खालची टीप कापू नका. एखादी फेरी ठरावीक वारीच असल्याचे तिथेच लिहिलेले असते.