शंभर टक्क्यांनंतरचे 75 सेकंद

लग्नाच्या व्हिडिओची एक फाइल, 3,600 मेगाबाइटची. ती लॅपटॉपवरून साध्या पेनड्राइव्हवर घ्यायची आहे. पाकिटावर ‘यूएसबी 3.0, 130 मेगाबाइट प्रतिसेकंद’ असं छापलंय. त्या हिशेबानं अर्ध्या मिनिटात काम आटोपायला हवं, पण लागतात पाच मिनिटं. कारण तो 130 चा आकडा वाचण्याच्या वेगाचा आहे. लिहिण्याचा वेग आहे 12, आणि तो पाकिटावर कुठंच नाही. ग्राहकाला खरी गरज याच आकड्याची असते, तो न छापणं मला चुकीचं वाटतं.

आधी पोर्ट पाहू. 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 चा वेग 480 मेगाबिट, म्हणजे आठानं भागून 60 मेगाबाइट. देवाणघेवाणीचे सोपस्कार वजा जाता हाती साधारण 35 उरतात. 2008 च्या 3.0 मधून 400 च्या आसपास मिळू शकतात. म्हणजे आपली फाइल जुन्या पोर्टमधून 103 सेकंदांत जाऊ शकते, नव्यातून 9 सेकंदांत. पण पेनड्राइव्ह सेकंदाला 12 मेगाबाइटच लिहून घेत असेल, तर दोन्हीकडे 300 सेकंद लागणारच. लिहिण्याचा वेग 35 च्या वर असेल, तरच 3.0 चं निळं पोर्ट शोधण्यात अर्थ आहे.

लिहिणं इतकं संथ का? फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक पेशीत विद्युतभार थोडा थोडा भरून, दर वेळी तपासून, नेमक्या पातळीवर आणावा लागतो. एका पेशीत तीन बिट ठेवायचे तर अशा आठ पातळ्या सांभाळाव्या लागतात. वाचताना फक्त पातळी ओळखायची असते. शिवाय लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो. एसएसडीमध्ये हे काम अनेक चिप एकाच वेळी वाटून घेतात. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये बहुधा एकच चिप असते.

तरीही सुरुवातीला कॉपीची पट्टी सुसाट पळते. लॅपटॉपवरचं लिनक्स आलेली माहिती आधी रॅममध्ये ठेवून घेतं आणि मागाहून पेनड्राइव्हवर उतरवतं. यालाच कॅशिंग म्हणतात. समजा 900 मेगाबाइट असे रॅममध्ये मावले. मग पट्टी क्षणात 25 टक्क्यांवर जाते आणि पुढं रखडते. खरा धोका शेवटी आहे. पट्टी 100 टक्के दाखवते तेव्हाही तेवढीच माहिती रॅममध्ये पडून असू शकते, आणि ती उतरायला 900 भागिले 12, म्हणजे 75 सेकंद लागतात. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपसला, तर फाइलचं नाव दिसतं, पण व्हिडिओ मध्येच तुटतो.

खरा वेग मोजायचा तर कॉपी आणि उतरवणं दोन्हींचा मिळून वेळ घ्यायला हवा:

```
time (cp lagna.mp4 /media/pen/ && sync)
```

`sync` सगळी माहिती उतरेपर्यंत थांबून राहतं. `real` समोर पाच मिनिटं आली, तर 3,600 भागिले 300, म्हणजे 12. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावून हीच फाइल पुन्हा मोजा. आकडा हलला नाही, तर अडचण पोर्टची नाही, चिपची आहे.