उन्हाच्या चौकोनातली मनी

सकाळी खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर उतरला की आमची मनी त्यात अंग पसरते. ऊन सरकतं तशी तीही सरकते. ऊन गेलं की तिचा मुक्काम लॅपटॉपवर, नाहीतर गरम चार्जरला टेकून.

मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. जास्तीची शक्ती न खर्चता ते टिकवायचं, तर भोवताली ३० ते ३८ अंशांची ऊब लागते. आपल्याला सुखाची वाटणारी पंचवीस अंशांची खोली तिला गारच. म्हणून ती ऊब बाहेरून मिळवते आणि तेवढं अन्न वाचवते.

पण पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांना केस विरळ असतात आणि रंगद्रव्यही नसतं. वर्षानुवर्षं कडक ऊन लागलं तर तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. सुरुवात साध्या लालीने, खपलीने होते. जखम भरतच नसेल, तर पशुवैद्याला दाखवा.

चार्जरचा धोका उबेपेक्षा वायरीचा जास्त. पिल्लं ती चावतात. शॉक बसल्यास आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मगच मांजराला हात लावा. ओठांवर किंवा जिभेवर पांढुरका चट्टा, लाळ, धाप ही लक्षणं. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही साठू शकतं, म्हणून मांजर बरं दिसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या.

आम्ही चार्जर काढून ठेवतो आणि खिडकीशी जुनी गोधडी अंथरतो. मनी आता तिथेच झोपते.